क्रेडिट कार्ड बंद करायचा फोन: आधीची तयारी, बोलायची वाक्यं आणि ठाम कसं राहायचं

नाशिकमध्ये कॉलेज रोडवर किंवा एखाद्या मॉलच्या दारात टेबल मांडून बसलेल्या मुलांनी ‘पहिलं वर्ष फुकट’ म्हणून दिलेलं क्रेडिट कार्ड बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये असतं. दुसऱ्या वर्षी स्टेटमेंटमध्ये हजार रुपये फी आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,180 रुपये दिसले की कार्ड बंद करायची आठवण होते. मग कस्टमर केअरला फोन लागतो, पलीकडचा माणूस वीस मिनिटं गोड बोलतो आणि फोन ठेवताना लक्षात येतं की कार्ड चालूच आहे, उलट त्याचं लिमिट वाढलंय.

याला भिडस्त स्वभाव फार क्वचित कारणीभूत असतो. खात्यात कुठेतरी काहीतरी बाकी असतं, पलीकडच्याला ते स्क्रीनवर दिसतं आणि आपल्याला माहीत नसतं. ‘तुमचे 116 रुपये बाकी आहेत, ते भरून पुन्हा फोन करा’ असं त्यानं म्हटलं की आपल्याकडे उत्तर नसतं. म्हणून या कामातला निम्म्याहून जास्त वेळ फोनच्या आधी जातो. फोन स्वतः पंधरा मिनिटांचा असतो.

नियम काय सांगतो

रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबत निर्देश काढले. त्यातल्या तीन गोष्टी फोन करणाऱ्याला पाठ हव्यात.

कार्ड बंद करायची विनंती आली आणि ग्राहकाची सगळी बाकी भरलेली असली, तर बँकेने कामकाजाच्या सात दिवसांत कार्ड बंद केलंच पाहिजे. ते झालं नाही तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यायचे. इथे मात्र कॅलेंडरचे दिवस धरायचे, म्हणजे रविवारसुद्धा मोजला जातो. तिसरी गोष्ट अशी, की ही विनंती हेल्पलाइन, ईमेल, ॲप, वेबसाइट, नेट बँकिंग अशा अनेक मार्गांनी करता आली पाहिजे. पोस्टाने पत्र पाठवा असा, किंवा ज्याने उशीर होईल असा दुसरा कुठला मार्गच घ्या, असा आग्रह बँकेला धरता येत नाही.

या तिन्हींमध्ये कळीचा शब्द ‘बाकी’ आहे. खात्यावर अकरा रुपये जरी निघत असले तरी सात दिवसांचं घड्याळ सुरू होत नाही आणि पाचशे रुपयांचा दंडही लागू होत नाही. बँक नियम मोडते म्हणून रखडलेल्या अर्जांपेक्षा अशा चिल्लर बाकीमुळे रखडलेले अर्ज खूप जास्त असतात.

खातं कोरं कसं करायचं

इथे क्रम महत्त्वाचा आहे. तो चुकला की आज शून्यावर आणलेल्या खात्यावर उद्या नवी बाकी उभी राहते.

सुरुवात रिवॉर्ड पॉइंटपासून करा. कार्ड बंद झालं की पॉइंट गेलेच समजा, म्हणून ते आधी वापरायचे. पण अनेक बँका पॉइंट वटवायलाही शुल्क लावतात, साधारण 99 रुपये आणि जीएसटी, म्हणजे 116 रुपये 82 पैसे. हे शुल्क कार्डावरच पडतं, तेही दोन-तीन दिवसांनी. ज्यांनी आधी बिल भरलं, मग पॉइंट वटवले आणि तिसऱ्या दिवशी फोन केला, त्यांचा अर्ज नेमका याच रकमेसाठी अडकतो. म्हणून पॉइंट पहिले, बिल शेवटी.

त्यानंतर कार्डावर आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा शोधा. महावितरणचं बिल, मोबाइल रिचार्ज, सिनेमा-मालिकांचं ॲप, फोनमधली क्लाउड स्टोरेज, विम्याचा हप्ता. महिन्याचे हप्ते पटकन आठवतात, चुकतात ते वर्षाचे. म्हणून एकाच महिन्याचं स्टेटमेंट न बघता मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं उघडा आणि एकसारख्या दिसणाऱ्या नोंदींवर खूण करा. असं कुठलंही कार्डावरचं ऑटो-पे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने मेसेज पाठवायचा असतो, त्यामुळे मेसेजच्या डब्यात ‘mandate’ किंवा ‘auto-debit’ शोधलं तरी बरंच हाती लागतं. सापडलेली प्रत्येक रक्कम आधी दुसऱ्या कार्डावर किंवा खात्यावर वळवा, एकदा कापली गेली याची खात्री करा, मगच जुनी काढा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआय ॲपला जोडलं असेल तर तेही तिथून काढून टाका.

कार्डावर एखाद्या वस्तूचा ईएमआय चालू असेल तर कार्ड बंद करताना उरलेली पूर्ण रक्कम एकदम भरावी लागते आणि बहुतेक बँका त्यावर मुदतपूर्व फेडीचं शुल्कही घेतात. दोन-तीनच हप्ते उरले असतील तर थांबणं स्वस्त पडतं. तसंच एखादी वस्तू परत केली असेल आणि तिचे पैसे कार्डावर यायचे असतील, तर ते जमा होईपर्यंत फोन करू नका. बंद खात्यात येणारा रिफंड बुडत नाही, पण तो मिळवायला दुकान आणि बँक यांच्यात बऱ्याच चकरा होतात.

कार्डाबरोबर ‘कार्ड प्रोटेक्शन’ किंवा ‘क्रेडिट शील्ड’ नावाचं काहीतरी गळ्यात मारलेलं असू शकतं. स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला शंभर-दोनशेची न ओळखू येणारी नोंद असेल तर बहुधा तीच. ती सेवा वेगळी बंद करावी लागते. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावे जोडकार्ड असेल तर तेही मुख्य कार्डाबरोबर बंद होतं, तेव्हा त्या व्यक्तीला आधी सांगून ठेवा. नाहीतर ती पेट्रोल पंपावर कार्ड देऊन उभी राहायची.

आता बिल. स्टेटमेंटवर छापलेली रक्कम भरून भागत नाही, स्टेटमेंटनंतर झालेला खर्चही भरायचा. ॲपमध्ये तो ‘unbilled’ म्हणून वेगळा दिसतो. दोन्हींची बेरीज करून पुढच्या पूर्ण रुपयापर्यंत भरा. काही पैसे जास्त गेले तरी बिघडत नाही, कार्ड बंद झाल्यावर उरलेली जमा रक्कम बँकेने तुमच्या बचत खात्यात पाठवायची असते. पैशांत कमी पडणं मात्र महागात जातं.

ज्यांनी मागच्या दोन-तीन महिन्यांत पूर्ण बिल न भरता फक्त किमान रक्कम भरली आहे, त्यांच्यासाठी आणखी एक खाच आहे. व्याज रोज चढतं, पण स्टेटमेंटच्या दिवशी लागतं. त्यामुळे आज सगळं भरलं तरी मागच्या स्टेटमेंटपासून आजपर्यंतचं व्याज पुढच्या स्टेटमेंटमध्ये येणारच असतं. हे ओळखायचं कसं? शेवटच्या दोन स्टेटमेंटमध्ये ‘finance charges’ ही ओळ बघा. तिथे काही रक्कम असेल तर पूर्ण पैसे भरून एक स्टेटमेंट जाऊ द्या, त्यात आलेलं उरलंसुरलं व्याज भरा आणि मग फोन करा. तिथे शून्य असेल तर थांबायचं कारण नाही.

शेवटी मागच्या एक-दोन वर्षांची स्टेटमेंटं फोनवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. कार्ड बंद झाल्यावर ॲपचं लॉगिन जातं आणि मग आयकराच्या कामासाठी एक कागद हवा असला तरी बँकेला मेल लिहीत बसावं लागतं.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, सिडकोत राहणाऱ्या आणि अंबडच्या एका कारखान्यात हिशेब पाहणाऱ्या बाईंना 60,000 लिमिटचं कार्ड बंद करायचंय. त्यांच्याकडे 1 लाख लिमिटचं दुसरं कार्ड आहे आणि ते त्या ठेवणार आहेत. बंद करायच्या कार्डावर 2,400 पॉइंट आहेत, 25 पैसे दराने 600 रुपयांचे.

त्यांनी पॉइंटचं गिफ्ट व्हाउचर घेतलं. तीन दिवसांनी 116.82 रुपये शुल्क कार्डावर दिसलं. स्टेटमेंटची रक्कम 3,412.60 होती, त्यानंतर 349 रुपयांचं रिचार्ज झालं होतं. तिन्ही मिळून 3,878.42 होतात. त्यांनी 3,879 भरले, रिचार्ज दुसऱ्या कार्डावर वळवलं आणि भरलेले पैसे ॲपमध्ये जमा दिसायची वाट पाहिली. दोन दिवसांनी ॲपमध्ये थकबाकीच्या जागी 58 पैसे जमा दिसले. त्यांनी त्या पडद्याचा तारखेसह स्क्रीनशॉट घेतला. फोन करायची वेळ आता आली.

फोनच्या वेळी समोर काय हवं

एक कागद घ्या आणि त्यावर आधीच लिहून ठेवा: कार्डाचे शेवटचे चार अंक, नाव जसं कार्डावर आहे तसं, जन्मतारीख, बँकेत नोंदलेला पत्ता आणि ईमेल, शेवटचा भरणा किती आणि कोणत्या तारखेला. नोंदलेला पत्ता जुना असेल, नाशिकरोडहून इंदिरानगरला येऊन चार वर्षं झाली आणि बँकेत अजून जुनंच घर असेल, तर ओळख पटवताना तो जुना पत्ताच सांगावा लागतो. इथे अनेकजण उगाच अडखळतात.

खाली मोकळी जागा सोडा: फोन कधी लागला, बोलणाऱ्याचं नाव, सर्व्हिस रिक्वेस्ट नंबर, फोन कधी संपला. वेळ लिहिण्याचं कारण असं, की कॉल बँकेकडे रेकॉर्ड होतो आणि पुढे वाद झाला तर नेमक्या वेळेवरून तो शोधायला सांगता येतो.

फोन बँकेत नोंदलेल्या नंबरवरूनच करा. कार्ड वडिलांच्या नावे असेल तर वडील शेजारी हवेत. बँक कार्डधारकाशीच बोलते, मुलाशी नाही. त्यांनी स्वतः ओळख पटवून ‘माझा मुलगा पुढे बोलेल, माझी संमती आहे’ असं म्हटलं तर काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. तेव्हा ‘कार्ड बंद करा’ हे वाक्य त्यांच्याच तोंडी असेल अशी तयारी ठेवा.

कस्टमर केअरचा नंबर कार्डाच्या पाठीवरचाच घ्यायचा. इंटरनेटवर बँकेचं नाव टाकून वर येणारा नंबर लावणं हा फसवणुकीचा जुना आणि अजूनही चालणारा रस्ता आहे. 1800 ने सुरू होणारा नंबर मोफत असतो, 1860 चा नसतो, आणि तो अनेक अमर्याद पॅकमध्येही धरला जात नाही. प्रीपेड असेल तर थोडा बॅलन्स ठेवा, कारण वाट बघण्याच्या दहा मिनिटांनंतर फोन तुटण्यासारखा मनस्ताप नाही. मंगळवार ते गुरुवार, सकाळी दहा ते बाराची वेळ त्यातल्या त्यात बरी. सोमवारी गर्दी असते, शनिवारी बंद करण्याचा विभागच नाही असं ऐकायला मिळू शकतं.

पूर्ण सोळा आकडी नंबर किंवा टीपिन मशीनमध्ये बटणं दाबून द्यावा लागेल, ते ठीक. माणसाला मात्र सीव्हीव्ही, पिन किंवा खर्चाचा ओटीपी सांगायचा नाही. कार्ड बंद करायच्या संमतीसाठी ओटीपी आला तर आधी मेसेज पूर्ण वाचा. त्यात रक्कम लिहिलेली असेल किंवा नव्या कार्डाचा, वाढीव लिमिटचा उल्लेख असेल तर तिथेच थांबा.

काय बोलायचं

पहिलं वाक्य नेमकं हवं: ‘मला माझं क्रेडिट कार्ड कायमचं बंद करायचंय. विनंती नोंदवून मला सर्व्हिस रिक्वेस्ट नंबर द्या.’

‘कार्ड नको आहे’, ‘कार्ड वापरत नाही’, ‘फी जास्त आहे’ यातलं कुठलंच वाक्य विनंती म्हणून नोंदवलं जात नाही. ती तक्रार होते किंवा चौकशी. आणि ‘ब्लॉक करा’ हा शब्द तर अजिबात वापरू नका. ब्लॉक केलेल्या कार्डावर खर्च होत नाही एवढंच, खातं चालू राहतं, फी लागत राहते, हरवलं समजून नवं कार्ड घरीही येतं. कार्ड कात्रीने कापल्यानेही खातं बंद होत नाही.

कारण विचारतील. ते सांगणं बंधनकारक नाही, आणि न सांगण्यात शहाणपण आहे, कारण त्यांच्या समोरच्या पडद्यावर प्रत्येक कारणाला तयार उत्तर असतं. फी जास्त म्हटलं की फी माफ. लिमिट कमी म्हटलं की लिमिट वाढवू. वापर नाही म्हटलं की वापर असणारं दुसरं कार्ड देऊ. ‘वैयक्तिक कारण’ एवढ्याला उत्तर नाही.

फोन उचलणारा पहिला माणूस तुम्हाला बहुधा दुसऱ्याकडे देईल. हा दुसरा विभाग ग्राहक टिकवण्यासाठीच असतो आणि त्याचं काम किती जणांना थांबवलं यावर मोजलं जातं. तो वाईट माणूस नाही, त्याला ठरावीक प्रयत्न करावेच लागतात. हे लक्षात ठेवलं की चिडायला होत नाही. संवाद साधारण असा जातो:

‘मॅडम, तुम्ही आमच्या इतक्या जुन्या ग्राहक आहात. या वर्षीची फी मी पूर्ण माफ करून देतो.’

‘धन्यवाद. मला कार्ड बंद करायचंय. रिक्वेस्ट नंबर द्या.’

‘मॅडम, कार्ड बंद केलं तर तुमचा सिबिल स्कोअर पडेल. उद्या घराचं कर्ज घ्यायचं झालं तर?’

‘मी विचार केलाय. रिक्वेस्ट नंबर द्या.’

‘मग असं करू या, मी तुमची रिक्वेस्ट तीस दिवस होल्डवर ठेवतो. तोपर्यंत विचार करा.’

‘होल्ड नको. आजच्या तारखेने बंद करायची विनंती नोंदवा.’

‘ती आमची दुसरी टीम करते मॅडम, त्यांचा 48 तासांत फोन येईल.’

‘त्यांचा फोन येऊ द्या, पण विनंती आज माझ्याकडून झाली आहे. तिचा नंबर आज द्या.’

शेवटची दोन उत्तरं सगळ्यात कामाची. ‘होल्ड’ म्हणजे प्रत्यक्षात नोंद होत नाही आणि तीस दिवसांनी तुम्हीच पुन्हा पहिल्यापासून सुरू करता. ‘दुसऱ्या टीमचा फोन’ तुम्ही कंपनीत यंत्रापाशी असताना येतो, उचलला जात नाही आणि ‘ग्राहकाशी संपर्क झाला नाही’ म्हणून विनंती निकालात निघते. नंबर हाती असेल तर या दोन्ही वाटा बंद होतात.

बोलताना आवाज चढवू नका आणि नवं वाक्यही बनवू नका. तेच वाक्य, त्याच सुरात. ऑफर ऐकून ‘हो का?’, ‘किती माफ होईल?’ असा साधा प्रश्न विचारला तरी पलीकडे तो होकाराकडे वळलेला ग्राहक असतो. बोलणं संपल्यावर गप्प राहायलाही शिका. मध्ये पाच सेकंद शांतता झाली की आपणच भरीला काहीतरी बोलतो आणि त्यातूनच कारण निसटतं.

मराठीचा पर्याय दाबूनही बऱ्याचदा पुढचा विभाग हिंदीत बोलतो. आपलं हिंदी कामापुरतं असलं की आपण ‘ठीक है, देखते हैं’ म्हणून मोकळे होतो. त्यासाठी एक वाक्य कागदावर लिहूनच ठेवा: ‘मुझे कार्ड बंद करवाना है, कोई ऑफर नहीं चाहिए, रिक्वेस्ट नंबर दीजिए।’ तेवढं पुरतं.

तीन वेळा मागूनही नंबर मिळाला नाही तर म्हणा: ‘सगळी बाकी भरलेली असताना तुम्ही विनंती नोंदवायला नकार देताय, असं मी आजच्या मेलमध्ये तुमच्या नावासह लिहिते.’ यात धमकी नाही, पुढे जे करायचं ते आधी सांगणं आहे. बहुतेक वेळा नंबर इथे मिळतो. न मिळाल्यास भांडत बसू नका. फोन ठेवा आणि मेल किंवा ॲपमधून तीच विनंती करा, ती तेवढीच वैध आहे.

त्यांच्या बोलण्यातलं खरं किती

सिबिलची भीती पूर्ण खोटी नाही, म्हणून ती फोनच्या आधी घरी बसून तपासायची. स्कोअरमध्ये एकूण लिमिटपैकी तुम्ही किती वापरता याला वजन असतं. वरच्या उदाहरणातल्या बाई दोन्ही कार्डं मिळून महिन्याला 30,000 खर्च करत असतील तर 1 लाख 60 हजारांपैकी वापर 19 टक्क्यांच्या आत बसतो. 60,000 चं कार्ड गेलं की तेच 30 टक्के होतात. यानं स्कोअर थोडा हलू शकतो, पण वेळेवर भरणा होत असेल तर संकट येत नाही. सर्वांत जुनं कार्ड बंद करताना मात्र दोनदा विचार करा, आणि येत्या पाच-सहा महिन्यांत गृहकर्जाचा अर्ज द्यायचा असेल तर कर्ज मंजूर होईपर्यंत थांबलेलं बरं.

फी माफीची ऑफर घ्यावी का? कार्ड खरोखर उपयोगाचं असेल आणि अडचण फक्त फीची असेल तर घ्या. तो सौदाच आहे, त्यात हार-जीत नाही. पण माफी बिनशर्त आहे की ‘तीन महिन्यांत अमुक हजार खर्च केल्यावर’ आहे हे विचारा आणि तसा मेसेज किंवा मेल येईपर्यंत ती मिळाली असं समजू नका. लिमिट वाढवणं किंवा दुसरं कार्ड देणं तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला करता येत नाही, तेव्हा ‘करून टाकतो’ म्हणाल्यास ‘माझी संमती नाही’ हे शब्द रेकॉर्डवर येऊ द्या.

नुकतीच वार्षिक फी लागली असेल आणि त्यानंतर कार्ड वापरलं नसेल, तर बंद करण्याआधी ती परत फिरवायची विनंती करून पाहा. अनेकदा मान्य होते. पण तो हक्क म्हणून मागता येईलच असं नाही, आणि निर्णय व्हायला वेळ लागणार असेल तर फी बाकी म्हणून उभी राहते. फी किती, आठवडे किती, हे तोलून ठरवा.

फोन ठेवल्यानंतर

त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, नोंदलेल्या ईमेलवरून बँकेच्या क्रेडिट कार्ड सेवेच्या पत्त्यावर चार ओळी पाठवा:

‘माझं क्रेडिट कार्ड (शेवटचे अंक ….) कायमचं बंद करण्याची विनंती मी आज दिनांक …. रोजी …. वाजता हेल्पलाइनवर केली आहे. रिक्वेस्ट नंबर …. आहे. खात्यावर कोणतीही बाकी नाही, स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. कामकाजाच्या सात दिवसांत कार्ड बंद करून लेखी कळवावं आणि जमा रक्कम माझ्या बचत खात्यात पाठवावी. मला कोणतीही ऑफर नको आहे.’

आता दिवस मोजा. बाईंनी फोन मंगळवारी, 7 तारखेला केला. बुधवारपासून मोजायला सुरुवात केली तर 8, 9, 10 हे तीन दिवस झाले. 11 ला दुसरा शनिवार, बँक बंद. 12 ला रविवार. मग 13, 14, 15, 16. मध्ये सणाची सुट्टी नाही असं धरलं तर सातवा दिवस गुरुवार, 16 तारीख. 22 तारखेलाही कार्ड चालूच दिसलं तर 17 ते 22 असे सहा दिवस होतात, त्यांचे 3,000 रुपये. हा दंड बहुधा आपसूक जमा होत नाही, मेल करून आकड्यासह मागावा लागतो. त्या वेळी तो शून्य बाकीचा स्क्रीनशॉट उपयोगी पडतो.

या आठवड्यात ‘बँकेतून बोलतोय, कार्ड बंद करायला ओटीपी सांगा’ असा साध्या दहा आकडी नंबरवरून फोन आला तर ठेवून द्या. बँकांच्या सेवा-कॉलसाठी 1600 ने सुरू होणारी मालिका ठेवलेली आहे. तरी शंका वाटली तर तुम्हीच कार्डामागच्या नंबरवर उलट फोन करा.

कार्ड बंद झाल्याचा मेसेज किंवा मेल आला की तो जपून ठेवा आणि ‘नो ड्यूज’ पत्र मागा. मगच कार्ड कापायचं, चिप आणि मागची काळी पट्टी दोन्ही तुटतील असं. आधी कापलं आणि ओळख पटवायला पूर्ण नंबर लागला तर तुकडे जुळवत बसावं लागतं.

बँकेने ही माहिती क्रेडिट माहिती कंपन्यांना 30 दिवसांत कळवायची असते. तेव्हा साधारण दीड महिन्याने सिबिलचा अहवाल काढून पाहा. वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात खात्यापुढे ‘closed’ आणि बाकी शून्य दिसायला हवी. तिथे अजून चालू खातं दिसलं तर बंद झाल्याचा मेल जोडून सिबिलच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवा आणि बँकेलाही त्याची प्रत द्या.

बँक दाद देत नसेल तर आधी तिच्याच तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी लागते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही, मुंबईला जावं लागत नाही. चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे. कागदावर लिहून पाठवायची असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या केंद्रात, सेक्टर 17 ला जाते. बँकेकडे आधी न जाता थेट लोकपालाकडे केलेली तक्रार मात्र न तपासताच परत येते, म्हणून बँकेला केलेल्या तक्रारीची तारीख आणि तिचा नंबर त्याच कागदावर, फोनच्या नोंदीखाली लिहून ठेवा.